संकष्टीच्या रात्री गेलेली वीज : एका कथेच्या प्रकल्प नोंदी

७ मे

कथेची घटना लहान आहे. भंडारदऱ्याच्या परिसरातील एका गावात, मे १९९४ च्या शेवटच्या आठवड्यातल्या संकष्टीला, वळवाच्या वादळात रात्री आठच्या सुमारास वीज जाते आणि पहाटेपर्यंत येत नाही. घरात उपवास धरून चंद्रोदयाची वाट पाहणारी आजी आहे, सुटीसाठी आलेला नातू आहे आणि राजूरच्या बाजाराहून मोटारसायकलवर परतणारे त्याचे वडील आहेत. कथेत फारसे काही घडत नाही, त्यामुळे ती उजेडाच्या शब्दांवरच उभी राहणार हे उघड आहे.

या शब्दांसाठी आजपासून वेगळी वही घातली आहे. मसुद्यात मिणमिणणे, लुकलुकणे, लखलखणे, तेवणे यांसारखा शब्द आला की त्याच्यासमोर तीन गोष्टी लिहायच्या : उजेड कशातून येतो, तो स्थिर आहे की हलता, आणि पाहणाऱ्याचा डोळा त्या क्षणी उजेडाला सरावलेला आहे की अंधाराला. या तिन्हींशी शब्द जुळला तरच तो राहील. मराठीतले हे शब्द बहुतेक अनुकरणवाचक आहेत आणि त्यांच्या उच्चारातच उजेडाची लय भरलेली असते, म्हणून ते केवळ कानाला गोड लागतात या कारणाने वापरले जाण्याचा धोका मोठा आहे. कथेचे वर्ष मी मुद्दाम पक्के केले आहे. १९९४ सालच्या घरात तारेचा पिवळा बल्ब, माजघरात एखादी ट्यूब, कंदील, चिमणी आणि दोन सेलची बॅटरी असणार. मोबाइलचा पांढरा उजेड तेथे नाही, आणि तो नसल्यामुळे शब्दांची निवड पुष्कळ बदलते.

११ मे

वीज कशी जाते, याबद्दल आज एका निवृत्त लाइनमन काकांशी सविस्तर बोललो. कथेत फक्त ‘दिवे गेले’ असे एक वाक्य होते. वादळात वीज इतकी सरळ जात नाही, हे त्यांच्याकडून नीट समजले.

“फांदी तारेला लागली की लाइन ट्रिप होते,” ते म्हणाले. “सबस्टेशनचा ऑपरेटर थोडं थांबून लाइन पुन्हा चार्ज करून बघतो. फांदी गळून पडली असेल तर लाइन टिकते. अडकून राहिली असेल, तर लगेच परत ट्रिप. मग बॅटरी घेऊन आम्हीच निघायचं, खांबामागून खांब बघत.”

म्हणजे घरातल्या माणसाला वीज एकदा गेल्याचे दिसत नाही. फांदी तारेला घासते तेव्हा विजेचा दाब क्षणभर पडतो आणि बल्ब लाल होतो. मग अंधार होतो. काही वेळाने बल्ब एकदम पूर्ण तेजाने पेटतो, घरातून “आली!” असा आवाज उठतो, तो पुरा होण्याच्या आत पुन्हा अंधार होतो आणि तो टिकतो. वीज गेल्याचे दुःख या दुसऱ्या अंधारात आहे, असे मला वाटते, कारण मधल्या त्या उजेडाने आशा लावलेली असते.

बल्ब लाल पडण्याचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. तारेच्या बल्बचा उजेड विजेच्या दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो. २३० व्होल्टच्या जागी निम्मा, म्हणजे ११५ व्होल्ट दाब आला, तर उजेड निम्मा राहत नाही, सुमारे दहावा हिस्सा उरतो. शिवाय तार कमी तापल्यामुळे रंग पिवळ्याकडून तांबड्याकडे झुकतो. गावाकडे याला ‘बल्ब लाल पडला’ असेच म्हणतात, आणि त्या म्हणण्यात रंग व तेज दोन्ही गोष्टी अचूक येतात. आजच्या एलईडी दिव्याबद्दल हे वाक्य लिहिता येणार नाही, कारण त्याच्यातील विद्युतमंडल कमी दाबावरही बहुधा उजेड सावरून धरते, आणि ते जमेनासे झाले की दिवा फडफडतो किंवा बंद पडतो. रंग मात्र तांबडा होत नाही.

नवे वाक्य असे ठरले : “बल्ब लाल पडला, आतली तार तेवढी दिसू लागली आणि मग तीही दिसेनाशी झाली.” येथे ‘मंदावला’ हा शब्दही चालला असता, पण तार दिसू लागणे ही खूण त्याच्यात येत नाही. एरवी त्या तारेकडे बघवत नाही. ती उघड्या डोळ्यांनी दिसू लागली की दाब किती पडला आहे, हे घरातल्या लहान मुलालाही कळते.

१४ मे

अंधाराचा परिच्छेद. मराठीत मिट्ट काळोख, गुडुप अंधार, किर्र रात्र असे शब्द तयार असतात आणि एका वाक्यात त्यांतले दोन-तीन येऊन बसतात. त्यांचा क्रम डोळ्याकडून ठरवून घ्यायचे मी ठरवले आहे.

उजेडातून एकदम अंधारात आल्यावर डोळा दोन टप्प्यांत सरावतो. पहिल्या आठ-दहा मिनिटांत सुधारणा झपाट्याने होते. त्यानंतर डोळ्यातील मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी पुढे येतात आणि अर्ध्या तासाहूनही अधिक काळ नजर हळूहळू उघडत राहते. म्हणून वीज गेल्याच्या पहिल्या मिनिटाला ‘मिट्ट’ हा शब्द खरा आहे, पण पंधराव्या मिनिटाला, बाहेर आभाळ असताना, तो खोटा ठरतो. तोवर दाराची चौकट, अंगणाची कड आणि तुळशीवृंदावनाचा आकार दिसू लागलेला असतो. तेथे ‘पुसट’ आणि ‘अंधुक’ हे शब्द हवेत. या दोहोंतही फरक आहे. पुसट म्हणजे कडा नीट न कळणारे, आणि अंधुक म्हणजे एकूणच उजेड कमी असलेले. आकार आधी पुसट दिसतो आणि मग ठरतो, अंगण मात्र रात्रभर अंधुकच राहते.

याचा कथेला आणखी एक उपयोग झाला. आजी काडी ओढते तेव्हा नातवाच्या सरावलेल्या डोळ्यांवर तो भडका येतो आणि काडी विझल्यावर त्याला आधीपेक्षाही कमी दिसते. आजीने काडी ओढताना डोळे मिटून घेतलेले असतात. आयुष्यभर चिमणी लावणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे काडी विझल्यानंतर कंदिलाची काच हाताने चाचपून उचलण्याचे काम आजी करते, नातू करू शकत नाही. हा प्रसंग मी दोन वाक्यांत लिहिला आहे आणि त्याचे कारण कथेत कोठेही दिलेले नाही.

१९ मे

आज रात्री घरातले सर्व दिवे मालवून कंदील, चिमणी आणि मेणबत्ती यांच्यासमोर बसलो. ही नोंद लांब होणार आहे, कारण कथेतील निम्मे शब्द या तीन ज्योतींचे आहेत.

कंदिलाची ज्योत थरथरत नाही. काच तिला वाऱ्यापासून राखते, आणि बाजूच्या दोन नळ्यांतून व खालच्या जाळीतून तिला शांतपणे हवा मिळते. म्हणून कंदिलासाठी ‘तेवणे’ हा शब्द योग्य आहे. तेवण्यात सातत्य आहे, आणि दिवा कोणी तरी राखतो आहे असा भावही आहे. चिमणीची ज्योत उघडी असते. कोणी उठले, पदर हलला, दार लोटले की ती वाकते आणि परत उभी राहते, त्यामुळे ‘थरथरणे’ तिचे आहे. मेणबत्ती बंद खोलीत जवळजवळ स्तब्ध उभी राहते. कथा-कादंबऱ्यांतल्या मेणबत्त्या सदैव थरथरत असतात, पण त्या थरथरीला वाऱ्याचे कारण द्यावे लागते. माझ्या कथेत ते कारण फुटक्या कौलातून येणारी हवा हे आहे.

‘मिणमिणणे’ हा शब्द आपण थरथरण्याच्या जवळ नेऊन ठेवतो, पण त्याचा जोर हालचालीवर नाही, तोकडेपणावर आहे. वात खाली केलेला कंदील मिणमिणतो. दूरच्या पाड्यावरचा एकच दिवा मिणमिणतो. तो हलत नाही, विझतही नाही, फक्त पुरत नाही. ‘फडफडणे’ याच्या अगदी उलट आहे. तेल संपत आले की वातीपर्यंत पुरेसे रॉकेल चढत नाही, वातीचे कापडच जळू लागते आणि ज्योत एकदा मोठी, एकदा लहान होऊ लागते. दिवा जाण्यापूर्वी फडफडतो म्हणतात, ते हेच. म्हणून फडफडणारा दिवा कथेत आला की वाचक तो विझण्याची वाट पाहू लागतो. माझ्या कथेतला कंदील विझणार नाही, तेव्हा त्याला हा शब्द देता येत नाही. रॉकेलमध्ये पाणी असेल तर ज्योत तडतडते, तो प्रकार आणखी वेगळा.

चावी फिरवून वात जास्त वर केली की ज्योतीची टोके लांबतात, लालसर होतात आणि काचेवर आतून काजळी धरते. ज्योतीचा पिवळा उजेड मुळात तापलेल्या काजळीच्या सूक्ष्म कणांचाच असतो. ते कण जळून संपण्याइतकी हवा मिळाली तर ज्योत स्वच्छ राहते, नाही मिळाली तर तेच कण काचेवर जाऊन बसतात. म्हणजे अधिक उजेडाच्या लोभाने वात वर करणाऱ्याला थोड्या वेळाने कमी उजेड मिळतो. नातू वात वर करतो आणि आजी काही न बोलता ती परत खाली करते, एवढी हालचाल कथेत ठेवली आहे.

मग अंतराचा हिशेब. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर सुमारे १ लक्स पडतो. दोन मीटरवर तो चौथा हिस्सा उरतो आणि तीन मीटरवर नववा. स्वच्छ पौर्णिमेला, चंद्र डोक्यावर असताना, अंगणात जास्तीत जास्त पाव लक्सच्या आसपास उजेड असतो. म्हणजे माजघरात मेणबत्तीपासून दोन मीटरवर बसलेल्या माणसावर जवळपास पौर्णिमेच्या अंगणाएवढाच उजेड पडतो, आणि त्यापलीकडे कोपऱ्यात बसलेल्यावर त्याहूनही कमी. त्या उजेडात चेहरा ओळखता येतो, पण चेहऱ्यावरचा भाव वाचता येत नाही. ‘कोपऱ्यात बसलेल्या आजीच्या डोळ्यांत पाणी तरळलेले त्याला दिसले’ हे वाक्य त्यामुळे काढून टाकले. तिच्या आवाजावरून त्याला ते कळेल.

२० मे

चुलीतील निखाऱ्यांसाठी तीन शब्द ठरले. फुंकर घातली की निखारा फुलतो, भर ज्वाळेत चूल धगधगते आणि राखेखाली लाकूड धुमसते. धगधगण्यात उजेडापेक्षा आच अधिक आहे, म्हणून चूल विझत आल्यावर तो शब्द येऊ नये. फुललेल्या निखाऱ्याचा तांबडा उजेड अंधाराला सरावलेली नजर फारशी मोडत नाही, तेव्हा आजी चुलीपाशी बसून बाहेर पाहू शकते.

२६ मे

भंडारदऱ्याच्या बाजूला जाऊन आलो. काजवे आले आहेत. मेच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते हजारोंनी दिसतात, आणि एकाच झाडावरचे पुष्कळ काजवे एका लयीत उघडतात-मिटतात. ‘लुकलुकणे’ या शब्दाला यापेक्षा नेमका अर्थ देणारे दुसरे काही मी पाहिलेले नाही. लुकलुकण्यात उजेड असतो आणि नसतो, मधली पायरी जवळजवळ नसते, आणि ही ये-जा नियमित असते. मिणमिणणारा दिवा कमी असतो, पण असतोच. लुकलुकणारा प्रत्येक वेळी नाहीसा होऊन परत येतो.

ज्यांच्या ओसरीवर बसलो होतो, त्या मावशींना मी विचारले की गावात वीज असताना काजवे एवढे दिसतात का. त्या म्हणाल्या, “लाइट असली का नाय दिसत दादा. लाइट ग्येली का समदं झाड पेटल्यावानी दिसतंय.”

यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. दिव्यामुळे आपला डोळा अंधाराला सरावत नाही, म्हणून काजवे असूनही दिसत नाहीत. आणि दिव्याच्या उजेडात नर-मादीला एकमेकांच्या खुणा दिसेनाशा होतात, त्यामुळे काजव्यांचे लुकलुकणेही बिघडते. कथेच्या दृष्टीने पहिले कारण पुरे आहे : वीज गेल्यावर झाडावर काही नवे येत नाही, नातवाच्या डोळ्याला ते मिळते. म्हणून काजव्यांचा परिच्छेद मी वीज गेल्यानंतर लगेच न ठेवता, तो अंगणात येऊन बराच वेळ बसल्यानंतर ठेवला. वादळी वाऱ्यात काजवे पानांआड दडतात, त्यामुळे वारा पडणेही आधी आले पाहिजे.

‘झाड पेटल्यावानी’ हे मावशींचे शब्द कथेत आजीच्या तोंडी देणार नाही. काजव्याच्या उजेडाला उष्णता जवळजवळ नसते आणि त्याचा रंग हिरवट पिवळा असतो. लिहिलेल्या वाक्यात ‘पेटणे’ आले की वाचकाला तांबडा रंग दिसेल. बोलताना त्या शब्दाला हाताची आणि आवाजाची जोड होती, ती कागदावर नाही.

२ जून

आज डोळ्यांना त्रास देणाऱ्या उजेडाचा विचार केला. वडील मोटारसायकलवरून येतात आणि वळणावर हेडलाइटचा झोत अंगणात शिरतो. झोत हा शब्द दिशेचा आहे, तो एकीकडून येतो आणि कोठे तरी पडतो. ‘झगमगाट’ येथे चालणार नाही, त्याला अनेक दिवे लागतात. ‘लखलखाट’ही नाही, कारण त्यात पाहणाऱ्याला वाटणारा आनंद आहे. झोत डोळ्यावर आला की डोळे दिपतात. दिपणे ही दिव्याची क्रिया नाही, डोळ्याची आहे, आणि म्हणून ती प्रत्येकाच्या बाबतीत वेगळी असते.

आजीला मोतीबिंदू आहे, हे कथेत आधीच आले आहे. डोळ्यातील भिंग गढूळ झाले की तीव्र उजेड आतच विखुरतो आणि समोरच्या सगळ्यावर पांढुरके धुके पसरते. नातवाला झोतामागे मोटारसायकलचा आकार आणि वडिलांचा खांदा दिसतो, आजीला फक्त वलय दिसते. दोघांसाठी एकच वाक्य लिहिता येणार नाही. नातवाचे वाक्य “त्याचे डोळे दिपले” असे आहे. आजीचे असे : “उजेड तिच्या डोळ्यांत पसरला आणि त्यात येणारा माणूस बुडाला.”

याच प्रसंगात मांजर आहे. नातू कपाळाजवळ बॅटरी धरून पाहतो तेव्हा मांजराचे डोळे चमकतात, पण शेजारी बसलेल्या आजीला ते चमकताना दिसत नाहीत. मांजराच्या डोळ्यातील मागचा पडदा उजेड आला त्याच वाटेने परत पाठवतो, त्यामुळे चमक दिसायला बॅटरी पाहणाऱ्याच्या डोळ्याजवळ असावी लागते. कोपऱ्यात ठेवलेल्या कंदिलाने दूर बसलेल्या माणसाला मांजराचे डोळे चमकलेले दिसत नाहीत. पितळी तांब्याचे तसे नाही. त्याचा फुगीर अंग कोठे ना कोठे उजेडाला समोर येतोच, म्हणून तांब्या सर्वांना चकाकताना दिसतो. चमकणे आणि चकाकणे हे शब्द आपण अदलाबदल करून वापरतो, पण या कथेत मी घासलेल्या, गुळगुळीत वस्तूला चकाकणे आणि अचानक येऊन जाणाऱ्या उजेडाला चमकणे असे वाटून दिले आहे. आभाळातील वीजही मग चमकतेच.

६ जून

चंद्रोदयाचा हिशेब. वैशाखातल्या या संकष्टीला चंद्र दहा-सव्वादहाच्या सुमारास क्षितिजावर येतो. पंचांगातली वेळ मात्र मोकळ्या क्षितिजाची असते. गावाच्या पूर्वेला दहा अंश उंचीचा डोंगर धरला, तर चंद्राला तेवढे वर चढायला पाऊण तास लागतो. म्हणजे आजीचा उपवास अकराच्या सुमारास सुटणार. तोवर डोंगराच्या कडेमागे आभाळ उजळत राहते आणि कडा काळी व रेखीव होत जाते. हे उजळणे कथेत सावकाश आले पाहिजे, आणि तेथे एकच क्रियापद पुरे आहे.

चंद्र वर आल्यावर ‘टिपूर’ किंवा ‘पिठूर’ चांदणे लिहायचा मोह होतो. चतुर्थीचा चंद्र जवळजवळ भरलेला दिसतो, पण त्याचा उजेड पौर्णिमेच्या निम्म्याहूनही कमी असतो, कारण चंद्रावरचे खड्डे आणि डोंगर बाजूने उजेड पडू लागताच आपापल्या सावल्या धरतात. पिठासारखे पसरलेले चांदणे पौर्णिमेच्या आसपासचेच. म्हणून फक्त ‘चांदणे’ लिहिले. फुटक्या कौलातून आत आलेल्याला ‘कवडसा’ म्हटले आहे. ‘तिरीप’ मात्र मी उन्हासाठीच राखतो, रात्रीच्या कथेत तिला जागा नाही.

चांदण्यात रंग जवळजवळ दिसत नाहीत, आणि त्यातही तांबडा सर्वांत आधी काळा पडतो. आजीचे तांबडे लुगडे अंगणात काळे दिसेल, तिच्या हातातील अर्घ्याची पांढरी फुले दिसत राहतील. ती घरात येऊन कंदिलाजवळ बसली की लुगडे पुन्हा तांबडे होते. हा रंगबदल नातवाच्या नजरेतून लिहिला, उजेडाचा कोणताही शब्द न वापरता.

१० जून

वीज परत येण्याचा परिच्छेद आज पुरा झाला. पहाटे साडेचार. गावातले सगळे दिवे आणि पंखे रात्री जसे होते तसे चालूच राहिलेले असतात, ते एकदम सुरू होतात आणि दाब पुरेसा चढत नाही. बल्ब लगेच पेटतो, पण पिवळट. माजघरातील ट्यूबचे वेगळेच असते. स्टार्टर आतला मार्ग जोडतो, ट्यूबची दोन्ही टोके तांबूस होतात, मग तो मार्ग तोडतो आणि त्या तुटण्याने चोकमधून जोराचा दाब निघतो. तो पुरला तर ट्यूब पेटते. दाब कमी असेल तर पुरत नाही, आणि स्टार्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ‘आत्ता ट्यूब पेटली’ हे उशिरा समजणाऱ्या माणसाबद्दल आपण बोलतो, ते या थांबण्यावरूनच आले आहे.

कंदिलाला न दिलेला ‘फडफडणे’ हा शब्द येथे कामी आला. ट्यूबच्या बाबतीत तो विझण्याआधीचा नसून पेटण्याआधीचा आहे, त्यामुळे वाचकाची वाट पाहण्याची दिशा उलटी होते. ट्यूब फडफडत असताना आजी उठून कंदिलाची वात खाली करते, पण ट्यूब नीट पेटेपर्यंत तो मालवत नाही. रात्रीच्या दुसऱ्या अंधाराची आठवण तिला आहे आणि वीज टिकते का, हे तिला आधी पाहायचे आहे.

हस्तलिखित दिवाळी अंकाच्या संपादकांकडे पाठवले. सोबत एवढेच कळवले की ‘मिणमिणणे’ आणि ‘लुकलुकणे’ या शब्दांची मुद्रितशोधनात अदलाबदल करू नये, आणि वीज जाण्याच्या परिच्छेदातील ‘लाल पडला’ बदलून ‘मंद झाला’ करू नये.